एकोणचाळीस कोणी सांगायचे?

‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील शिक्षकाच्या भूमिकेचे विश्लेषण करा.’ एम.एड.च्या धोरणविषयक स्वाध्यायात असा प्रश्न आला की उत्तर बहुधा एका शब्दाने सुरू होते आणि त्याच शब्दावर संपते: सुलभक. 2005च्या आराखड्याने शिक्षकाला ज्ञान वाटणाऱ्याच्या खुर्चीवरून उठवून मुलांच्या शेजारी बसवले, मूल आपले ज्ञान आपण रचते, शिक्षक ते काम सोपे करून देतो, एवढे चार परिच्छेदांत मांडले की गुण मिळतात. उत्तर चूक नाही. अपुरे मात्र आहे, आणि कुठे अपुरे आहे ते एखादा छोटा पाठ हातात घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे दोन भूमिका समोरासमोर बसवल्या आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीजवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मॅडम एम.एड. करताहेत आणि त्या आराखड्याच्या बाजूने बोलतात. दौंड तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात दोनशिक्षकी शाळा चालवणाऱ्या सरांना ‘सुलभक’ हा शब्दच खटकतो. दोघेही कल्पित आहेत, त्यांच्यापुढचे कागद आणि वर्ग मात्र खरे आहेत. मी मधे बोलणार आहे आणि माझे मतही लपवणार नाही.

मॅडम सुरुवात इतिहासापासून करतात. “सर, 2005चा आराखडा कशावरचा उतारा होता ते आधी बघू. 1993 साली यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. दप्तराचे ओझे हे नुसते वजनाचे नाही, न समजलेल्या मजकुराचे आहे, असे त्यात मांडले होते. बारा वर्षांनी त्याच यशपालांच्या अध्यक्षतेखाली आराखडा तयार झाला, 21 अभ्यासगट बसले. शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, घोकंपट्टी सोडा, पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे जा, परीक्षा लवचिक करा, हे त्याचे सूत्र. आता हे सूत्र वर्गात कोण आणणार? खडू आपटून पाढे म्हणवून घेणारा माणूस नाही आणू शकत. मुलाला काहीतरी आधीच येते, हे मान्य करणारा माणूस लागतो. माझ्या वर्गात कंपनीत कामाला आलेल्यांची मुले आहेत. घरी कोणी हिंदी बोलते, कोणी भोजपुरी. त्यांना काही येतच नाही असे धरून शिकवायचे, की त्यांना येते तिथून सुरुवात करायची? आराखडा दुसरे सांगतो. तुम्हाला यात वावगे काय दिसते?”

सरांना वावगे काहीच दिसत नाही. त्यांचा हिशोब वेगळ्या जागी अडतो. “मॅडम, तत्त्व मान्य आहे हो. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथी चार वर्ग आणि आम्ही दोघे. पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास. दिवसाचे झाले चार तास, 240 मिनिटे. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, म्हणजे एका वर्गाच्या वाट्याला मी समोर असण्याची मिनिटे 120. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर, बाकीचे सगळे. गणिताला धरा तीस. वर्गात पंधरा मुले असली तर एकाला दोन मिनिटे. त्यात दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, बीडकडून, नगरकडून. हातात शिक्षण हमी कार्ड असलेली मुले मधूनच दाखल होतात आणि उन्हाळा लागायच्या आत निघून जातात. या दोन मिनिटांत मूल ज्ञान रचेल याची वाट बघत बसायचे की मी सांगून मोकळे व्हायचे? आराखडा लिहिणाऱ्यांनी हा हिशोब घातला होता का?”

इथपर्यंतचा वाद नेहमीचा आहे, आणि नेहमीप्रमाणे तो तत्त्व विरुद्ध परिस्थिती या खड्ड्यात अडकतो. मॅडम म्हणणार परिस्थिती बदला, सर म्हणणार आधी बदला आणि मग बोला. दोघांना मान्य आहे की वेळ मिळाला असता तर सुलभकच बरा. मला तेच मान्य नाही. वेळ भरपूर असता आणि वर्गात दहाच मुले असती तरी शिक्षकाचे काम ‘सुलभक’ या शब्दात मावले नसते. ते दाखवायला दुसरीच्या वर्गातली एक संख्या पुरेशी आहे: एकोणचाळीस.

श्रुतलेखनाला ‘एकोणचाळीस’ सांगितले आणि तीन मुलांनी तीन वेगळ्या संख्या लिहिल्या असे समजू. एकाने 41, दुसऱ्याने 49, तिसऱ्याने 93. तिन्ही उत्तरांवर लाल फुली मारता येते आणि तिन्ही मुलांना ‘पुन्हा विचार कर बाळा’ असे प्रेमाने म्हणताही येते. दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. कारण 41 लिहिणाऱ्याने ‘एक’ आणि ‘चाळीस’ ऐकले. एकोणचाळीस आणि एक्केचाळीस त्याच्या कानाला जुळे आहेत. 49 लिहिणाऱ्याला एवढे कळले आहे की एकोणने सुरू होणाऱ्या संख्येच्या शेवटी नऊ येतो. दशक मात्र त्याने नावात ऐकू आलेले चाळीस तसेच उचलले. 93 लिहिणाऱ्याला कदाचित संख्या नीट माहीत आहे, पण मराठीत बत्तीस, पंचवीस म्हणताना सुटे आधी आणि दशक नंतर ऐकू येते, म्हणून तो नऊ आधी लिहून मोकळा झाला. चुका तीन, कारणे तीन, उपायही तीन. हे ओळखायला मायाळूपणा पुरत नाही, शिस्तही पुरत नाही. मराठीतली संख्यानामे कशी घडली आहेत आणि दशमान लेखन त्यांच्या कुठे आडवे जाते, हे माहीत असावे लागते.

आता उपायाकडे या. काड्यांचे चार गठ्ठे, प्रत्येकी दहा. मुलाला सांगायचे, यातली एक काढ. गठ्ठा सोडल्याशिवाय एक काडी निघत नाही. सोडला की तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या उरतात. हे मुलाने स्वतः करून बघावे, शिक्षकाने एक शब्द बोलू नये. आराखड्याचे इथे शंभर टक्के बरोबर आहे. पण या उरलेल्याला ‘एकोणचाळीस’ म्हणतात, कारण ‘एकोण’ म्हणजे एक उणा, चाळीसला एक उणा, ही गोष्ट मूल शोधून काढू शकत नाही. कितीही काड्या दिल्या, कितीही वेळ दिला तरी नाही. ती समाजाने ठरवलेली गोष्ट आहे आणि कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय हा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत बिनबोभाट चालतो आणि शंभराच्या दारात मोडतो, तिथे ‘नव्व्याण्णव’ येते. तेही सांगावेच लागते. म्हणजे एकाच संख्येत एक भाग शोधायचा आहे आणि एक सांगायचा. कोणता कोणता, आणि आधी काय, हा निर्णय शिक्षकाचा. माझ्या मते त्याची खरी भूमिका हीच, आणि ‘सुलभक’ या शब्दात नेमकी तीच झाकली जाते.

मॅडमना हे पटते, पण सगळे नाही. “मग तुम्ही आराखड्याचे पुढचे प्रकरण वाचलेच नाही. शाळा आणि वर्ग यांच्या वातावरणाच्या प्रकरणात शिक्षकाच्या स्वायत्ततेवर आणि व्यावसायिक स्वातंत्र्यावर स्वतंत्र भाग आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या भागात त्याला अभ्यासक्रमाच्या नूतनीकरणात भाग घेणारा म्हटले आहे. निर्णय घेणारा शिक्षक आराखड्यात नाही असे कसे म्हणता?” हा आक्षेप रास्त आहे आणि स्वाध्याय लिहिणाऱ्याने तो टाळू नये. शिक्षक निष्क्रिय असावा असे 2005चा आराखडा कुठेही म्हणत नाही. पण तो कुठे काय म्हणतो ते बघा. पाच प्रकरणे आहेत: दृष्टिकोन, अध्ययन व ज्ञान, विषयक्षेत्रे व मूल्यमापन, वातावरण, आणि व्यवस्थेतील सुधारणा. शिक्षकाला त्यात स्वतंत्र प्रकरण नाही. तो विखुरलेला आहे. अध्ययनाच्या प्रकरणात तो मुलाला वाव देतो, वातावरणाच्या प्रकरणात स्वातंत्र्य मागतो, सुधारणांच्या प्रकरणात प्रशिक्षण घेतो. संख्यानामाचा पेच ज्या जागी उभा राहतो, म्हणजे विशिष्ट विषयाच्या विशिष्ट आशयाशी मूल अडते तिथे, शिक्षकाने काय जाणावे आणि काय ठरवावे हे या तिन्ही तुकड्यांच्या मधल्या फटीत पडते. आणि विखुरलेली गोष्ट खाली येताना सगळ्यात सोपा तुकडा तेवढा घेऊन येते.

ती खाली कशी आली हे महाराष्ट्रात बघायला मिळाले. 2009 साली शिक्षण हक्क कायदा झाला, 2010 साली राज्याचा आराखडा आला, आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. कायद्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कलम 29 म्हणते की अध्ययन कृतीतून, शोधातून, मुलाच्या कलाने व्हावे. ही आराखड्याचीच भाषा. कलम 24 शिक्षकाची कर्तव्ये सांगते: वेळेवर यावे, नेमून दिलेला संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळात पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून लागेल तिथे जादा मार्गदर्शन करावे. एका कलमात मुलाचा वेग प्रमाण, दुसऱ्यात वेळापत्रक. दोन्ही पाळायची तर कशाला किती वेळ द्यायचा, काय शोधू द्यायचे आणि काय सांगून टाकायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाला तरी हवा. कायदा कर्तव्य शिक्षकाच्या अंगावर टाकतो. त्या अधिकाराचा तिथे उल्लेख नाही.

सर इथे तावातावाने बोलतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. “मूल्यमापनाचेच घ्या. पहिली-दुसरीला आकारिक 70 गुण, संकलित 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. आकारिकाला आठ तंत्रे: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. कल्पना उत्तम. ते 41, 49, 93 मला याच निरीक्षणात टिपायचे होते ना? पण नोंदवहीत काय जाते? ‘संख्यांचे वाचन करतो’, ‘गणिती क्रियेत रस घेतो’. तीस मुले, पाच विषय, दीडशे नोंदी एका सत्राच्या. बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींचे संच मिळतात, त्यातून उतरवतात. नोंद तपासायला येणारा नोंद आहे का ते बघतो, खरी आहे का ते नाही. मग 2015च्या जूनमध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आले. ज्ञानरचनावाद म्हणजे काय, तर साताऱ्याचे कुमठे बीट बघून या आणि फरशीवर ऑइलपेंटने आकृत्या काढा. आम्हीही काढल्या. लोकवर्गणी केली, रंग आणला. दशक-एककाचा तक्ता जमिनीवर आला. त्यावर बसून मूल 93च लिहीत होते.”

कुमठ्याला इथे दोष देणे अन्यायाचे होईल. तिथल्या शिक्षकांनी आकृती काढली ती कोणत्या मुलाची कोणती अडचण सोडवायला, हे त्यांना माहीत होते. ज्यांनी पाहून नक्कल केली त्यांच्याकडे आकृती पोचली, अडचण पोचली नाही. निर्णय गेला आणि त्याचे चिन्ह उरले. शिक्षकाची भूमिका वृत्तीच्या भाषेत सांगितली की असे होते. वृत्ती तपासता येत नाही, मग तपासणारा तिची खूण शोधतो: रंगवलेली फरशी, भिंतीवरचे तक्ते, भरलेली नोंदवही. ‘निदान करतो’, ‘क्रम ठरवतो’, ‘सांगायचे आणि शोधायचे वेगळे करतो’ अशा क्रियापदांत भूमिका लिहिली असती तर तपासणाऱ्यालाही निदान ‘या मुलाने 93 का लिहिले?’ असे विचारावे लागले असते.

निर्णय शिक्षकाच्या हातून कसा निसटतो याचे दुसरे उदाहरण संख्यानामांचेच आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’, त्रेपन्नबरोबर ‘पन्नास तीन’ असे वाचन आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. कारण वर सांगितले तेच: मराठी नावात सुटे आधी येते, लिहिताना दशक आधी, आणि लहान मुले तिथे गोंधळतात. जोडाक्षरांचा त्रासही त्यात धरला होता. महाराष्ट्रात गदारोळ झाला. भाषेवर घाला इथपासून विधिमंडळातल्या चेष्टेपर्यंत सगळे झाले. या सगळ्या गदारोळात दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकाचे मत फारसे कोणाला महत्त्वाचे वाटले नाही, हे मला त्यातले सर्वांत बोलके वाटते. विरोधकांना भाषा वाचवायची होती, समर्थकांना मुले. खरे तर ‘तीस नऊ’ हा पूल आहे. कोणत्या मुलाला तो लागेल, किती दिवस लागेल आणि कधी काढून घ्यायचा हे वर्गातच ठरू शकते. 93 लिहिणाऱ्याला तो लगेच उपयोगी पडेल. 41 लिहिणाऱ्याला ‘एकोण’चा अर्थ हवा आहे, त्याला ‘तीस नऊ’ शिकवले तर 39 लिहील, पण बाजारात ‘एकोणचाळीस रुपये’ ऐकल्यावर पुन्हा अडेल. पुस्तकाने सर्वांसाठी एक उत्तर ठरवले, टीकाकारांनी सर्वांसाठी दुसरे. प्रश्न मात्र मुलागणिक वेगळा होता.

मॅडमच्या वर्गात हा पेच आणखी गुंततो. सेमी-इंग्रजीच्या ओढीने पालक घरी ‘थर्टी नाइन’ घोकून घेतात, तिथे दशक आधी येते. हिंदी घरातल्या मुलाला ‘उनतालीस’ माहीत असते. तिथेही एक उणाच, पण आवाज वेगळा. “म्हणजे त्या मुलाला ‘एकोण’ समजावणे सोपेच आहे,” मॅडम म्हणतात. “उनतालीसचे ‘उन’ आणि एकोणचे ‘ऊन’ एकच आहे हे दाखवले की झाले. बघा, मुलाच्या घरच्या भाषेतून सुरुवात करा हे आराखड्याचे म्हणणे इथे किती कामाला येते.” येते, निश्चित येते. पण हे दाखवायला मॅडमना ते आधी दिसावे लागले, हेही तितकेच खरे.

सरांकडे याच्या उलट बाजूचे उदाहरण आहे. ऊसतोड टोळीतल्या मुलाला ‘मोळी’ चांगली माहीत असते. दशकाचा गठ्ठा शिकवताना मोळी घ्यावी, स्थानिक ज्ञान, परिसराशी जोड, आराखड्याला आवडेल असा पाठ. “फक्त मोळीत दहाच ऊस असतात असे नाही ना,” सर म्हणतात. “डोक्यावर झेपेल एवढी मोळी. बाईची वेगळी, बाप्याची वेगळी. मुलाने मोळी म्हटले की त्याच्या डोक्यात ‘बरेचसे एकत्र बांधलेले’ एवढेच येते. दशकाचा सगळा अर्थ तर नेमके दहा असण्यात आहे.” म्हणून मोळीपासून सुरुवात करून ‘आपल्या वर्गातली मोळी नेहमी दहाची’ हा करार मुलांशी करावा लागतो, आणि नऊच काड्या झाल्या तर ती मोळी बांधायची नाही, हे पाळावे लागते. घरचे ज्ञान वर्गात आणा, हे सांगणे सोपे आहे. ते कुठे तुटते आणि तिथे काय सांगायचे हे ओळखणे ही त्याची अवघड अर्धी बाजू आहे, आणि ती शिक्षकाकडेच येते.

मॅडम आता त्यांच्या तालुक्यातले हुकमी उदाहरण काढतात: वाबळेवाडी. शिक्रापूरजवळच्या या छोट्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा एके काळी मोजक्या पोरांची होती. गावाने जमीन दिली, पैसा उभा केला, शिक्षकांनी पुस्तकाबाहेर जाऊन शिकवले आणि प्रवेशासाठी रांगा लागल्या. “म्हणजे सरकारी शाळेत, याच पगारात, याच कायद्याखाली, आराखड्यातला शिक्षक उभा राहू शकतो.” सर लगेच म्हणतात, “एक वाबळेवाडी. आणि तालुक्यात शाळा किती?” दोघेही त्या शाळेकडून नको तो धडा घेत आहेत असे मला वाटते. वाबळेवाडीने सिद्ध काय केले? शिक्षकाला आणि गावाला वेळापत्रक, जागा, साहित्य, मुलांनी मुलांना शिकवणे अशा गोष्टी ठरवायला मिळाल्या तर काय होते, ते. तिथली मुख्य सामग्री काचेच्या भिंती नव्हेत, ठरवण्याची मुभा होती. ती मुभा व्यवस्थेने सर्वांना दिलेली नव्हती, काही माणसांनी ती मिळवली. धोरणाचा दस्तऐवज अशा माणसांवर विसंबून लिहिता येत नाही, हा सरांचा मुद्दा म्हणून टिकतो. आणि मुभा मिळाली तर साधी शाळा बदलते, हा मॅडमचाही टिकतो.

ऑगस्ट 2023मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा नवा आराखडा आला आणि वादाची जमीन थोडी हलली. 2020च्या धोरणाने शिक्षकाला अध्यापनपद्धती निवडण्याची मोकळीक द्यायचे म्हटले होते आणि वर्षाला 50 तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली होती. पायाभूत स्तराच्या आराखड्यात अदिती, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार अशी पाच पायऱ्यांची पंचादी आहे. त्यात नवी गोष्ट शिक्षक आधी मांडतो, मग मूल ती समजून घेते, सराव करते, वापरते, दुसऱ्यांपर्यंत नेते. सरांना हे आवडते: “सांगणे हा गुन्हा नाही, एवढे तरी मान्य झाले.” मलाही हा बदल बरा वाटतो. ‘एकोण’ सांगणे आणि गठ्ठा सोडू देणे या दोहोंना त्यात जागा आहे. पण त्याच आराखड्यात अभ्यासक्रमाची उद्दिष्टे, त्याखाली क्षमता आणि त्याखाली अध्ययन निष्पत्ती अशी उतरंड आहे. निष्पत्ती म्हणजे ‘99 पर्यंतच्या संख्या वाचतो व लिहितो’ या घाटाचे वाक्य. आराखडा त्यांना शिक्षकाला दिशा दाखवणारे दगड मानतो. तालुक्याला पोचेपर्यंत दगडांची यादी होते, यादीचा तक्ता होतो, आणि तक्त्यातला हिरवा चौकोन हेच काम ठरते. 93 लिहिणारा आणि 41 लिहिणारा त्या तक्त्यात एकाच लाल चौकोनात बसतात. 2005मध्ये शिक्षकाचा निर्णय वृत्तीच्या गोड शब्दात विरघळला; 2023च्या आराखड्यात तो निष्पत्तीच्या रकान्यात दबण्याची भीती आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो दोघांपैकी कोणीही घेऊ शकेल. निर्णय शिक्षकाकडे द्या म्हणता, पण तो घेण्याइतके विषयज्ञान त्याच्याकडे आहे का? हा आक्षेप महाराष्ट्राने तरी हसण्यावारी नेऊ नये. डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेवरून इथला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग बसला, आणि 2012च्या त्याच्या अहवालाने सेवापूर्व प्रशिक्षणाचा फार मोठा वाटा खासगी संस्थांकडे असल्याचे आणि त्यांतल्या कित्येकांची अवस्था दयनीय असल्याचे दाखवले. अशा महाविद्यालयातून आलेल्याला ‘एकोण’चा पेच कोणी दाखवलाच नसेल तर तो काय ठरवणार? पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र नीट तपासा. शिक्षकाला येत नाही म्हणून पुस्तक, फरशी आणि तक्ता यांनी ठरवावे, असे म्हटले तर त्याला कधी येण्याची गरजच उरत नाही. जो निर्णय कधी घ्यायचाच नाही त्याचे ज्ञान कोण मिळवेल? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित, नांगर धरण्याची लाज न वाटणारा आणि बऱ्या पगाराचा असावा, असे मागितले होते. त्यांनी माणूस, त्याचे ज्ञान आणि त्याचा मोबदला एकत्र मागितले. आजचे आराखडे बहुतेक माणसाची वृत्ती मागतात.

दुसरा आक्षेप मॅडमचा. “म्हणजे शेवटी तुम्ही जुना मास्तरच परत आणताय, फक्त त्याला ‘निर्णय घेणारा’ म्हणताय.” जुना मास्तर निर्णय घेत होता असा समज यामागे आहे, आणि तो चुकीचा आहे. कृष्ण कुमार यांनी वसाहतकाळातल्या शिक्षकाला वर्गातला हुकूमशहा आणि वरच्यांपुढचा मवाळ असे म्हटले आहे. तो मुलांवर छडी चालवत होता, पण काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, कशाने तपासायचे यांतले काहीच त्याच्या हाती नव्हते. सगळ्यांना एकोणचाळीस शंभरदा लिहायला लावणे हा निर्णय नव्हेच, निर्णय टाळणे आहे. फरशीवरची आकृतीही तेच करते, अधिक रंगीत करते. मी ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्या हातात छडी नाही आणि सुलभकाची ती कायमची वाट बघणेही नाही. त्याच्या हातात तीन मुलांच्या तीन वह्या आहेत.

सरांची तीस मिनिटेही मग वेगळी दिसतात. पंधरा मुलांना प्रत्येकी दोन मिनिटे ही वाटणी समान आहे, शहाणी नाही. वह्या चाळल्या तर नऊ जणांचे 39 बरोबर असेल. त्यांना चौथीतल्या दोघींबरोबर पाढ्यांकडे लावता येईल. उरलेल्या सहांचे तीन गट, कारणांनुसार. प्रत्येक गटाला सात-आठ मिनिटे समोरासमोर. हा हिशोब आराखड्यात कधीच येणार नाही, येऊही नये. पण तो करायला सकाळी वह्या बघायला अर्धा तास लागतो. कायद्याने आठवड्याचे 45 तास तयारीसकट धरले आहेत, त्यात हा अर्धा तास बसतो. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि केंद्राच्या बैठका त्यात घुसल्या नाहीत तर.

“ठीक आहे,” मॅडम म्हणतात, “स्वाध्यायात मी हे सगळे लिहीन. कलम 24 आणि 29 शेजारी ठेवीन, 2005 आणि 2023ची क्रियापदे काढून दाखवीन. पण उद्याच्या पाठाच्या टाचणाचे काय करू? त्यात दोन रकाने आहेत: शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती. ‘41 लिहिणाऱ्या दोघांना एकोण म्हणजे काय ते सांगितले, 93 लिहिणाऱ्याला सांगितले नाही’ हे कोणत्या रकान्यात जाते?”

सर थोडा वेळ टाचणवहीकडे बघतात. “समासात लिहा,” ते म्हणतात. “तिथे अजून कोणी शिक्का मारत नाही.”